परतीची वाट नसलेली पायरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा एखादे विस्तीर्ण शास्त्र घेऊन त्याचे धावते दर्शन घडवावे असा मोह मला झाला नाही असे नाही. परंतु तासाभराच्या अवधीत अनेक गोष्टींना नुसता स्पर्श करीत जाण्यापेक्षा एकाच गोष्टीपाशी स्वस्थ बसावे, हे मला अधिक श्रेयस्कर वाटले. म्हणून आज मी आपल्या शरीरातील केवळ एका रासायनिक क्रियेविषयी बोलणार आहे. तीन कार्बनांच्या एका लहानशा रेणूतून एक कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि दोन उरतात, एवढीच ती क्रिया. आणि तिच्याविषयी तासभर बोलण्याचे कारण असे, की ती एकदा घडली म्हणजे मनुष्याच्या देहात तिला उलटविण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नाही.

आपण भात खातो, भाकरी खातो. त्यांतील पिष्टाचे ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे पेशीत पोचते. तेथे दहा पायऱ्यांनी त्याचे दोन तुकडे होतात. या विघटनाला शास्त्रात ग्लायकोलिसिस म्हणतात आणि तयार होणाऱ्या प्रत्येक तुकड्याला पायरुव्हेट. येथपर्यंतच्या प्रवासात प्राणवायूची गरज पडत नाही. पण पेशीच्या हाती ऊर्जाही बेताचीच येते, म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे अवघे दोन रेणू. खरी प्राप्ती पुढे आहे. पायरुव्हेट कलकणूत, म्हणजेच मायटोकाँड्रियात, शिरते. तेथे त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटतो, उरलेला दोन कार्बनांचा असेटिल गट को-एंझाइम-ए नावाच्या वाहकाला जोडला जातो, आणि हे असेटिल-को-एंझाइम-ए मग सायट्रिक आम्लाच्या चक्रात प्रवेश करते. चक्र आणि त्यामागून येणारी श्वसनशृंखला यांचे काम पूर्ण झाले, म्हणजे त्याच एका ग्लुकोजमागे एकंदर तीस ते बत्तीस एटीपी पदरात पडतात. विघटन आणि चक्र यांना जोडणारा हा जो मधला दुवा, तो पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज या एंझाइम-संकुलाच्या स्वाधीन आहे. पाठ्यपुस्तकांत तो बहुधा दोन मोठ्या प्रकरणांच्या मधल्या पानावर उरकला जातो, ही गोष्ट मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे.

या दुव्याचे महत्त्व प्रथम ज्या प्राण्याने दाखवून दिले, तो प्राणी म्हणजे ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतील कबूतर. रुडॉल्फ पीटर्स हे तेथे 1923 पासून जीवरसायनाचे प्राध्यापक होते, आणि 1920 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी एका प्रश्नाचा पिच्छा पुरविला. कबुतराला केवळ सडीक पांढरा तांदूळ खाऊ घातला, तर काही आठवड्यांत त्याची मान मागे वळून पाठीला टेकते, तोल जातो आणि ते तडफडू लागते. तांदळाच्या कोंड्यातील द्रव्य, ज्याला आज आपण थायामिन अथवा ब1 जीवनसत्त्व म्हणतो, ते टोचले असता तेच कबूतर काही तासांत उठून दाणे टिपू लागते. पूर्वीच्या वैद्यांना हा प्रकार मज्जातंतूंच्या नाशाचा वाटे. पीटर्सना तो तसा वाटेना. कारण नाश पावलेला तंतू तासाभरात पुन्हा उगवत नाही, आणि जे इतक्या त्वरेने दुरुस्त होते ते मोडलेले नसून केवळ अडलेले असले पाहिजे.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी कबुतरांचे मेंदू तपासले. त्यांत लॅक्टिक आम्ल प्रमाणाबाहेर साचलेले आढळले, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हते. मेंदूच्या खालच्या भागात ते विशेष होते. अशा मेंदूचा बारीक चुरा करून त्याला ग्लुकोज दिले, तर निरोगी मेंदूच्या मानाने तो प्राणवायू कमी घेई. आणि त्याच पात्रात जीवनसत्त्वाचा अत्यल्प अंश घातला, की प्राणवायूचे ग्रहण पूर्ववत होई. ध्यानात घ्या, येथे ना जिवंत पक्षी होता, ना रक्त, ना अन्नमार्ग. काचेच्या भांड्यातील निर्जीव लगद्याचा आजार काचेच्या भांड्यातच बरा होत होता. पुढे 1934 च्या सुमारास त्या पात्रात लॅक्टिक आम्लाच्या जोडीला पायरुव्हेटही साचते असे दिसून आले, आणि अडथळा नेमका कोठे आहे ते कळले: ग्लुकोजचे विघटन पायरुव्हेटपर्यंत बिनदिक्कत होते, पुढे मात्र वाट बंद. पीटर्सनी या अवस्थेला जीवरासायनिक विकृती असे नाव दिले. डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला दिसेल असा कोणताही घाव झालेला नसता केवळ एक रासायनिक पायरी अडल्यामुळे प्राणी आजारी पडतो, ही कल्पना त्या काळी फार धाडसाची होती.

येथे आपल्याकडील एका गोष्टीचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या लोकांत बेरीबेरीचा आजार होतो, परंतु उकडा तांदूळ खाणाऱ्यांत तो फारसा दिसत नाही. कोकणात आणि गोव्यात पेजेसाठी जो उकडा तांदूळ वापरतात, त्याचे भात टरफलासकट भिजवून उकडलेले असते. त्या क्रियेत कोंड्यातील थायामिन दाण्याच्या आत झिरपते आणि मागाहून गिरणीत कितीही सडले, तरी त्याचा बराच अंश शाबूत राहतो. पेज पिणाऱ्या कुळवाड्याला जीवरसायन ठाऊक नव्हते हे खरे, पण त्यावाचून त्याचे काही अडलेही नाही.

आता थायामिन त्या पायरीवर करते काय, ते पाहू. शरीरात त्याला दोन फॉस्फेट गट जोडले जातात आणि त्याचे थायामिन पायरोफॉस्फेट होते. 1937 साली लोमान आणि शुस्टर यांनी यीस्टमधील सहएंझाइम हेच द्रव्य असल्याचे दाखविले, आणि 1939 मध्ये पीटर्सच्याच प्रयोगशाळेत बांगा आणि ओचोआ यांच्या सहकार्याने कबुतराच्या मेंदूतही कार्य करणारे रूप हेच असल्याचे सिद्ध झाले. पायरुव्हेटच्या रेणूत कार्बन डायऑक्साइडचा गट सहजासहजी सुटणारा नसतो. त्याच्या सुटण्याने मागे उरणारा विद्युत्भार सांभाळायला कोणी तरी लागते. थायामिनच्या गंधकयुक्त वलयात एक कार्बन असा आहे, की त्याचा हायड्रोजन सहज निघून जातो आणि तो पायरुव्हेटला येऊन बिलगतो. बिलगल्यावर तो भार वलय स्वतःकडे ओढून घेते आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस रोनाल्ड ब्रेस्लो यांनी हे रहस्य उलगडले. पुढे मागे वळणे शक्य नाही असे मी आरंभी म्हणालो, त्याचे बीज याच क्षणात आहे. कारण सुटलेला वायू पेशीतून, रक्तातून आणि श्वासावाटे निघून जातो.

परंतु उरलेला दोन कार्बनांचा तुकडा थायामिनपाशीच चिकटून राहिला, तर काम अर्ध्यावरच थांबेल. त्याला तेथून उचलून को-एंझाइम-ए च्या हवाली करणारे दुसरे द्रव्य पाहिजे, आणि ते शोधून काढण्याचा इतिहास मला या सर्व प्रकरणात सर्वांत मनोरंजक वाटतो. काही सूक्ष्म जीवांना वाढीसाठी, आणि पायरुव्हेट जाळण्यासाठी, यकृताच्या अर्कातील काही तरी आवश्यक असते, एवढेच 1940 नंतरच्या काळात माहीत होते. टेक्सास विद्यापीठातील लेस्टर रीड आणि त्यांचे सहकारी यांनी त्या द्रव्याचा पाठलाग केला. सुमारे दहा टन यकृताचा अवशिष्ट चोथा त्यांनी निरनिराळ्या प्रक्रियांतून काढला आणि 1951 साली त्यांच्या हाती पिवळसर स्फटिक लागले. त्यांचे वजन होते अवघे तीस मिलिग्रॅम. हेच लिपोइक आम्ल. आठ कार्बनांची ती एक साधी मेदाम्लासारखी साखळी असून तिच्या एका टोकाला गंधकाचे दोन अणू शेजारी शेजारी, एकमेकांना जोडलेले असतात. आपल्या शरीरात ते तयार होते, म्हणून त्याला जीवनसत्त्व म्हणता येत नाही.

हे लिपोइक आम्ल पेशीत मोकळे हिंडत नाही. संकुलातील दुसऱ्या एंझाइमच्या लायसिन या अमिनो आम्लाला ते घट्ट जोडलेले असते, आणि त्यामुळे सुमारे चौदा आँगस्ट्रॉम लांबीचा एक लवचीक हात निर्माण होतो. हा हात पहिल्या एंझाइमकडे वळतो, थायामिनला चिकटलेला तुकडा आपल्या गंधकावर घेतो, आणि घेत असतानाच त्याचे भस्मीकरण म्हणजे ऑक्सिडीकरण करून त्याला असेटिल गट बनवितो. मग दुसऱ्या एंझाइमच्या कार्यस्थळी जाऊन तो गट को-एंझाइम-ए ला देतो. या देवघेवीत त्याच्या दोन गंधकांमधील बंध तुटलेला असतो आणि त्यांच्यावर हायड्रोजन चढलेला असतो. तो उतरविल्याखेरीज दुसरी फेरी संभवत नाही. म्हणून हात तिसऱ्या एंझाइमकडे वळतो, तेथील एफएडी तो हायड्रोजन घेते आणि शेवटी एनएडीला देते. पाच सहाय्यक द्रव्ये येथे एका रांगेत राबतात: थायामिन पायरोफॉस्फेट, लिपोइक आम्ल, को-एंझाइम-ए, एफएडी आणि एनएडी. त्यांपैकी चार ब-गटातील जीवनसत्त्वांपासून बनतात. को-एंझाइम-ए चा शोध लावल्याबद्दल फ्रिट्झ लिपमन यांना 1953 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या बरोबरीने ते हान्स क्रेब्ज यांना सायट्रिक आम्लाच्या चक्रासाठी मिळाले. दुव्याची पलीकडची बाजू एकाची, वाहक दुसऱ्याचा. असा हा योग जुळून आला.

तीन एंझाइम असे एकत्र गुंफलेले असण्याचा फायदा उघड आहे: मधला तुकडा कोठेही मोकळा सुटत नाही, हरवत नाही, भलत्याच क्रियेत सापडत नाही. मनुष्यासारख्या सस्तन प्राण्यांत दुसऱ्या एंझाइमच्या आणि त्याला साहाय्य करणाऱ्या एका प्रथिनाच्या मिळून साठ एककांचा एक पोकळ गाभा असतो व पहिल्या आणि तिसऱ्या एंझाइमच्या अनेक प्रती त्याच्या भोवती बसलेल्या असतात. सगळ्याचा रेणुभार सुमारे पंचाण्णव लक्ष डाल्टन भरतो, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जवळजवळ दीडशे पट.

त्या दोन शेजारच्या गंधकांची एक दुखरी बाजूही आहे. सोमल, म्हणजे आर्सेनिकची त्रिसंयुजी संयुगे, अशा जोडगंधकांना दोहोंकडून धरून ठेवतात. मग हात पुन्हा उघडत नाही आणि पायरुव्हेट साचू लागते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झालेला लुइसाइट हा आर्सेनिकयुक्त विषारी वायू वापरला जाईल या भीतीने दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये उतारा शोधण्याची तजवीज झाली, आणि ते काम अखेरीस आपल्या कबुतरांच्या प्राध्यापकांकडेच आले. पीटर्स, स्टॉकन आणि टॉम्पसन यांनी विचार केला तो असा, की विष ज्या जोडीला पकडते तशीच, पण त्याहून अधिक आकर्षक जोडी बाहेरून पुरविली तर ते तिकडे वळेल. हा उतारा 1945 साली प्रसिद्ध झाला. डायमरकॅप्रॉल या नावाने तो आर्सेनिकच्या विषबाधेत आजही देतात.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. असेटिल-को-एंझाइम-ए पासून पुन्हा पायरुव्हेट बनविणे आपल्याला जमत नाही. प्रमाण परिस्थितीत या क्रियेत एका मोलमागे तेहतीस किलोज्यूलहून अधिक मुक्त ऊर्जा सुटते. तिला उलटे ढकलावयाचे तर तेवढीच किंमत मोजावी लागेल, आणि ती मोजणारे एंझाइम आपल्या शरीरात नाही. तुम्ही म्हणाल, असेटिल गट चक्रातून फिरवून त्याचे ग्लुकोज करता येणार नाही का? चक्रात दोन कार्बन शिरतात, पण एका फेरीत दोनच कार्बन वायुरूपाने बाहेर पडतात. निव्वळ शिल्लक शून्य. एरंडाचे बी अंकुरताना मात्र आपल्या तेलाची साखर करते, कारण ते चक्राची ती दोन वायूंची वळणे टाळून जवळची वाट काढते; ही वाट 1957 साली उघडकीस आली. आपल्याजवळ ती नाही. त्यामुळे आपल्या देहात मेदापासून ग्लुकोज होऊ शकत नाही, हा अवघ्या पोषणशास्त्राचा एक कठोर नियम ठरतो. मेदाम्लांपासून असेटिल-को-एंझाइम-ए विपुल मिळते, पण तेथून मागे फिरण्याची मुभा नाही. केवळ मेदाच्या ग्लिसरॉल या लहानशा अंशाचे ग्लुकोज होते.

याचा परिणाम ध्यानी घ्या. पायरुव्हेट या पायरीच्या अलीकडे असते, तोवर ते ग्लुकोजमध्ये परत जाऊ शकते, अलानिन होऊ शकते, लॅक्टिक आम्ल होऊ शकते. पायरी ओलांडली, की ते जळेल किंवा त्याची चरबी होईल. ग्लुकोज म्हणून ते कायमचे गेले. एखाद्या राज्यातील माल एकदा जकातीच्या नाक्यापलीकडे गेला, की राज्याच्या दप्तरी त्याची नोंद खर्चीच पडेल, आणि म्हणून दुष्काळात शहाणा कारभारी सर्वांत आधी त्या नाक्यावर पहारा बसवील. शरीराचेही अगदी तसेच आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनचा साठा साधारण 100 ग्रॅम, आणि तो उपवासाच्या एका दिवसात जवळजवळ संपतो. त्यानंतर ग्लुकोज बनवायचे ते मुख्यतः स्नायूंच्या प्रथिनांतून, म्हणजे स्वतःच्या मांसातून. अशा वेळी स्नायूंनी ग्लुकोज जाळीत बसावे, हे परवडणारे नाही.

बंदोबस्त कसा होतो, ते 1969 मध्ये लिन, पेटिट आणि त्याच लेस्टर रीड यांनी दाखवून दिले. संकुलातील पहिल्या एंझाइमच्या सेरिन या अमिनो आम्लावर एक फॉस्फेट गट बसविला, की ते निष्क्रिय होते. काढला, की पुन्हा कार्यक्षम. बसविणारे एंझाइम म्हणजे कायनेज, काढणारे फॉस्फटेज. दोन्ही संकुलाच्या अंगावरच असतात. आणि कायनेजची गंमत अशी, की ते त्याच लिपोइक हाताला धरून बसलेले असते. असेटिल-को-एंझाइम-ए आणि एनएडीएच साठले, की हातावर असेटिल गट आणि हायड्रोजन चढलेलेच राहतात, आणि अशा भरलेल्या हाताचा स्पर्श कायनेजला चेतवतो. म्हणजे पुढे माल तुंबला आहे ही वर्दी देणारा दुसरा कोणी नाही. काम करणारा हातच ती देतो. उलट पायरुव्हेट आणि एडीपी वाढले, म्हणजे कच्चा माल मुबलक आहे व ऊर्जेची निकड आहे, तर कायनेज थंडावते.

आपण प्रत्यक्ष एका उपवासाकडे पाहू. मात्र त्याआधी एक खुलासा केला पाहिजे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस यांचा जो उपवास आपल्याकडे प्रचलित आहे, त्याचा या संकुलाला पत्ताही लागत नाही; साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, ते पोटात गेल्यावर इन्शुलिन वाढते आणि कायनेज दबते. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण जीवरसायनाच्या दृष्टीने अक्षरशः खरी आहे. आपला उपवासी मनुष्य मात्र निराहार आहे. रात्री आठला तो जेवला. सकाळी इन्शुलिन ओसरलेले आहे. चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात उतरू लागली आहेत आणि स्नायू व हृदय ती जाळू लागले आहेत. मेदाम्लांच्या ज्वलनातून असेटिल-को-एंझाइम-ए आणि एनएडीएच यांची गर्दी होते, कायनेज चेतते, संकुल मंदावते. मेद जळत असता ग्लुकोजचे ज्वलन असे मागे सरते, हे 1963 साली फिलिप रँडल यांनी प्रथम सुसंगतपणे मांडले. उपवास लांबला, म्हणजे आणखी एक व्यवस्था अमलात येते: स्नायू आणि यकृत यांत कायनेजच्या चार प्रकारांपैकी चौथ्याचे उत्पादन वाढते, कारण मेदाम्ले आणि कॉर्टिसोल त्याच्या जनुकाला उत्तेजन देतात व इन्शुलिनचा दाब गेलेला असतो. ही तासांची नव्हे, दिवसांची तयारी आहे. याच वेळी यकृतात तेच असेटिल-को-एंझाइम-ए पायरुव्हेट कार्बोक्सिलेज या दुसऱ्या एंझाइमला उत्तेजित करते, आणि पायरुव्हेट ग्लुकोजकडे वळते. एका हाताने दार लावणारे द्रव्य दुसऱ्या हाताने दुसरे दार उघडते. यापेक्षा काटकसरीची राज्यव्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. मेंदूत या चौथ्या कायनेजचे प्रमाण फार थोडे आहे, त्यामुळे तेथील ज्वलन चालू राहते.

आणि तोच मनुष्य उठून धावत सुटला तर? आकुंचन पावणाऱ्या स्नायूत कॅल्शियम वाढते, ते कलकणूंत शिरते आणि फॉस्फटेजला जागविते. ज्या संकेताने स्नायूला आकुंचनाचा हुकूम मिळतो, त्याच संकेताने इंधनाचे दारही उघडते. रँडल यांच्याच शाखेतील डेंटन आणि मार्टिन यांनी त्यांच्या सहकार्याने 1972 साली हे पाहिले.

आता दार आतून बंद पडले म्हणजे काय होते, त्याचे एक ठोस उदाहरण घेऊ. गंभीर आजारात ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही, अशा रोग्यांना शिरेवाटे ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि मेद देऊन आठवडेच्या आठवडे जगविता येते. 1988 च्या सुमारास आणि पुन्हा 1996-97 मध्ये अमेरिकेत शिरेवाटे द्यावयाच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा पडला, आणि काही रोग्यांना ग्लुकोज मिळत राहिले पण थायामिन मिळाले नाही. पहिल्या तुटवड्यात तीन रोगी दगावले. घटनाक्रम पुढीलप्रमाणे होता. शरीरात थायामिनचा साठा सुमारे तीस मिलिग्रॅम, रोजची गरज एक मिलिग्रॅमहून किंचित जास्त. त्यामुळे दोन-तीन आठवडे काहीच वाटत नाही. मग श्वास जोराचा होतो, उलट्या होतात, रोगी सुस्तावतो. रक्ताची आम्लता वाढलेली आढळते आणि लॅक्टेट, जे एका लिटरमागे दोन मिलिमोलच्या आत असावे, त्याच्या कितीतरी पट चढलेले असते. वैद्य प्रथम जंतुदोष किंवा रक्ताभिसरणाचा बिघाड शोधतात, सोडियम बायकार्बोनेट देतात, आणि आम्लता पुन्हा चढते. ज्या ग्लुकोजला आपण निरुपद्रवी समजतो, तेच येथे आगीत तेल ओतीत असते. कारण त्याचा प्रत्येक रेणू बंद दारापर्यंत पोचून लॅक्टेट होतो. शंभर मिलिग्रॅमच्या आसपास थायामिन शिरेवाटे दिले, की काही तासांत लॅक्टेट उतरू लागते. पीटर्सच्या काचपात्रातील प्रयोगच हा, माणसाच्या अंगावर झालेला. अतिमद्यपानाने थायामिन खालावलेल्या माणसालाही ग्लुकोज देण्याआधी, निदान त्याच्या बरोबर, थायामिन देण्याची वैद्यांची शिस्त याच विचारातून आली आहे.

लॅक्टेट वाढल्याचे पाहून हे याच दाराचे काम आहे असे म्हणता येते काय? नाही, प्राणवायू अपुरा पडला, तरीही ते वाढते. पण एक मेख आहे. लॅक्टेट आणि पायरुव्हेट यांची परस्परांत अदलाबदल होत असते, आणि त्यांचे प्रमाण एनएडीएच आणि एनएडी यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पायरुव्हेटचे दार बंद असेल, तर दोन्ही वाढतात, पण त्यांचे गुणोत्तर नित्याचे, म्हणजे दहा ते वीसच्या दरम्यान, राहते. पुढील श्वसनशृंखलाच बिघडली असेल, किंवा प्राणवायूच नसेल, तर एनएडीएच साचते, लॅक्टेटचे पारडे जड होते आणि गुणोत्तर पंचवीसच्या वर जाते. मात्र पायरुव्हेट नळीत फार लवकर नाहीसे होते, म्हणून रक्त काढल्याबरोबर त्यातील प्रथिने आम्लाने साकळविली पाहिजेत. नाही तर गुणोत्तर फुगते आणि निदान भरकटते. थायामिनच्या अभावात सगळा दोष याच संकुलावर टाकणेही योग्य नाही. चक्रातील अल्फा-कीटोग्लुटारेट डीहायड्रोजिनेज हे एंझाइमही त्याच थायामिनवर चालते आणि मेंदूच्या इजेत त्याचा वाटा मोठा आहे.

दार बळाने उघडण्याचा उपायही करून पाहिला गेला. डायक्लोरोअसेटेट हे साधे संयुग कायनेजला रोखते, म्हणजे संकुल कार्यक्षम राहते. गंभीर रोग्यांतील लॅक्टिक आम्लतेवर त्याची व्यवस्थित चाचणी 1992 साली प्रसिद्ध झाली. तीत 252 रोगी होते. औषधाने लॅक्टेट उतरले, रक्ताची आम्लता सुधारली, पण मृत्यूंत फरक पडला नाही. यावरून ते औषध निकामी ठरवावे असे मला वाटत नाही. परंतु रक्तात मोजलेला आकडा सुधारणे आणि रोगी सुधारणे, या दोन निराळ्या गोष्टी असतात एवढे त्या चाचणीने पुरेसे सिद्ध केले.

काही बालकांत हे संकुल जन्मतःच अपुरे असते. बहुतेकदा दोष पहिल्या एंझाइमच्या एका साखळीच्या जनुकात असतो, आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तरीही मुलींची सुटका होते असे नाही, कारण त्यांच्या पेशींत दोनपैकी एकच एक्स कार्यरत असते आणि कोणते राहील ते दैवाधीन असते. काही मुलांत विपुल थायामिन दिल्याने उरलेसुरले एंझाइम थोडे सावरते. इतरांना मेदप्रधान, पिष्ट अत्यल्प असलेला आहार देतात. मेदाम्ले या दाराशी न येता थेट असेटिल-को-एंझाइम-ए देतात, आणि यकृतात त्यांपासून होणारे कीटोन मेंदूला इंधन पुरवितात. लॅक्टेट उतरते, झटके कमी होतात. पण गर्भातच मेंदूची जी घडण चुकली असेल, ती आहाराने परत येत नाही. आणि अशा मुलाला ताप किंवा उलट्या झाल्या, की कोणत्याही दवाखान्यात पहिली बाटली ग्लुकोजची लावण्याचा आपला रिवाज त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून 'ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी लॅक्टेट पाहावे व उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला विचारावे' अशी चिठ्ठी त्याच्या आईवडिलांनी सदैव जवळ बाळगावी लागते.